पाच जण मिळून त्रास देतात, तेव्हा कुणाचा वाटा किती हे कसं दाखवायचं?

प्रश्न: आमच्या विभागातले पाच जण गेले काही महिने ठरवून मला त्रास देत आहेत. मीटिंगचा निरोप येत नाही, मी खोलीत शिरले की हसतात किंवा गप्प होतात, एका आठवड्यात तिघांनी माझ्याविरुद्ध तक्रारी दिल्या. मी लेखी तक्रार केली, तर प्रत्येकानं 'मी काय केलं?' असं विचारलं आणि तक्रार बंद झाली. आता अपील करायचं आहे. एचआर म्हणतं, कुणी नेमकं काय केलं ते नावानिशी द्या. एकेकाचं वागणं सुटं पाहिलं तर क्षुल्लक दिसतं, सगळं मिळून मात्र असह्य आहे. हे मांडायचं कसं?

उत्तर: एचआरचा हा प्रश्न तुम्हाला जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला असेल, पण तो चुकीचा नाही. कारवाई माणसावर होते, गटावर होत नाही. 'ते सगळे' नावाचा कर्मचारी कुठल्याच हजेरीपटावर नसतो. बावीस वर्षं मी कार्यालयांतल्या अंतर्गत चौकश्या करतो आहे, कधी चौकशी अधिकारी म्हणून, कधी तक्रारदाराला कागद तयार करायला मदत म्हणून. खऱ्या असूनही बुडालेल्या तक्रारींमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसलेला शब्द 'सगळे' हाच आहे.

या प्रकाराला नाव आहे, मॉबिंग. जर्मनीत जन्मलेल्या आणि स्वीडनमध्ये काम केलेल्या हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात तो कार्यालयांच्या संदर्भात मांडला. मराठीत आपण याला वाळीत टाकणं म्हणतो आणि ते जास्त नेमकं आहे. लेमननं घातलेली अट अशी होती की असं वागणं आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेलं असावं. हा अभ्यासासाठी आखलेला निकष आहे, तक्रार करण्याआधी सहा महिने थांबा असा त्याचा अर्थ नाही. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. हे मोजमाप सोसणाऱ्याच्या बाजूनं आहे. पाच जणांनी महिन्यातून एकेकदा टोचलं तर टोचणाऱ्यासाठी ती महिन्यातली एक गोष्ट असते आणि तुमच्यासाठी आठवड्याला एकाहून जास्त. पाचही जण 'मी एकदाच तर केलं' असं म्हणतात आणि पाचही जण खरं बोलत असतात.

काही देशांच्या कायद्यांनी ही पळवाट ओळखली आहे. फ्रान्सनं २०१८ साली दंडसंहितेतल्या छळाच्या कलमात भर घातली. अनेकांनी संगनमतानं किंवा एकाच्या चिथावणीवरून एकाच व्यक्तीला लक्ष्य केलं, तर प्रत्येकानं स्वतः वारंवार कृती केलेली नसली तरी तो छळ ठरू शकतो. इंग्लंडमध्ये छळविरोधी कायदा १९९७चा आहे. दुसऱ्याकडून करवून घेतलेली किंवा दुसऱ्याला मदत करून झालेली कृती ही त्या करवणाऱ्याचीही धरली जावी, अशी तरतूद त्यात २००१ साली आली. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते तिथल्या कामगार वकिलालाच विचारा. पण या दोन्ही तरतुदींना एक गोष्ट दाखवावी लागतेच: संगनमत, चिथावणी किंवा मदत. 'सगळे माझ्या विरुद्ध आहेत' या वाक्यातून ती दिसत नाही. दोन माणसांच्या मधला धागा दाखवावा लागतो.

तो कसा दाखवतात हे एका प्रकरणातून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण गाठी जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पुरवठादारांची बिलं तपासणारा नऊ जणांचा विभाग. तक्रारदार बाई तिथे चार वर्षं होत्या. त्यांनी पाच जणांची नावं घेतली. त्यांना अ, ब, क, ड आणि ई म्हणू. अ ही विभागातली सर्वांत जुनी कर्मचारी. ब तिच्या शेजारी बसणारा, चहापेक्षा किटली गरम अशा जातीचा. क दुसऱ्या टोकाला बसायचा. ड नवीन लागलेली. ई मीटिंगा ठरवायचा. पहिली तक्रार चार पानांची होती आणि तिच्यात 'हे लोक' हा शब्द मी सव्वीस वेळा मोजला. पाचही जणांनी उत्तरं दिली, सगळी पटण्यासारखी होती आणि प्रकरण बंद झालं. अपिलाला तीन आठवडे असताना बाई माझ्याकडे आल्या.

त्यांच्याकडे अकरा आठवड्यांची वही होती, एकतीस नोंदी. पहिली बैठक आम्ही फक्त चाळणी लावण्यात घालवली. सात नोंदींना तारीखच नव्हती. पाच नोंदी 'आज वातावरण फार वाईट होतं' अशा होत्या, म्हणजे भावना खरी पण कृती कुठलीच नाही. या बारा नोंदी बाजूला काढल्या तेव्हा त्यांना रडू आलं, कारण त्यातले काही दिवस सर्वांत वाईट होते. नोंदी फाडल्या नाहीत. झालेला परिणाम सांगायला, डॉक्टरांना दाखवायला त्या उपयोगी पडतात. कुणाचा वाटा किती ते दाखवायला मात्र पडत नाहीत.

उरल्या एकोणीस. प्रत्येक नोंद एकाच साच्यात पुन्हा लिहिली: तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर, कुणी काय केलं किंवा कुठले शब्द उच्चारले, आणि हे मला कसं कळलं. शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच फसतात. 'मी पाहिलं', 'मला ड नं सांगितलं' आणि 'मी अंदाज केला' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाज लिहायला बंदी नाही, पण त्यावर अंदाज असा शिक्का हवा. चौकशी अधिकाऱ्याला एक अंदाज खात्रीच्या वेषात सापडला, की तो उरलेल्या अठरा नोंदींकडेही संशयानं पाहतो.

मग तक्ता केला. उभ्यात घटना, आडव्यात माणसं, आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसाची त्या घटनेतली भूमिका. भूमिकांसाठी मी मोजकेच शब्द वापरतो. 'सुरुवात' म्हणजे कृती त्यानं सुरू केली. 'करवलं' म्हणजे हात दुसऱ्याचा, सांगणं याचं. 'री' म्हणजे आधी सुरू झालेल्याची री ओढली. 'हजर' म्हणजे तिथे होता, काही केलं नाही. आणि 'नाही' म्हणजे त्या वेळी तिथे नव्हताच. हा शेवटचा शब्द लिहायला तक्रारदाराचा हात धजत नाही, पण तो लिहाच. ज्या तक्त्यात एकही 'नाही' नाही, त्यावर मी स्वतः अधिकारी म्हणून बसलो असताना विश्वास ठेवलेला नाही.

शेवटी तयार झालेल्या तक्त्याचा एक तुकडा असा होता:

| घटना | अ | ब | क | ड | ई |
|---|---|---|---|---|---|
| दुसरा आठवडा, खोलीत येताच हसणं | सुरुवात | री | नाही | हजर | नाही |
| चौथा आठवडा, यादीतून पत्ता काढणं | करवलं | सुरुवात | नाही | नाही | नाही |
| सातवा आठवडा, हस्तांतराची टिपणं न देणं | नाही | सुरुवात | नाही | नाही | नाही |
| नववा आठवडा, क ची लेखी तक्रार | करवलं | नाही | सुरुवात | नाही | नाही |

पहिल्या मसुद्यात हा असा नव्हता. कसा बदलत गेला, त्यातच सगळी गोम आहे.

सर्वांत आधी ई चा रकाना रिकामा झाला. बाईंचा त्याच्यावर सर्वांत जास्त राग होता, कारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात चार मीटिंगांचे निरोप त्यांना आले नाहीत आणि निरोप पाठवायचा तो. एकदा त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, 'पाठवला होता की.' त्यांना हे निगरगट्ट खोटं वाटलं. अपिलात आम्ही विभागाच्या सामायिक मेल यादीत झालेल्या बदलांची नोंद मागितली. बाईंचा पत्ता चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ब च्या खात्यातून काढला गेला होता. ई नेहमीप्रमाणे यादीला निरोप पाठवत राहिला. त्याला काहीच माहीत नव्हतं. अशा प्रकरणांत हे पुनःपुन्हा दिसतं: ज्याचा हात तुम्हाला दिसतो तो कर्ता असेलच असं नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, तर ज्याला बंदुकीचा पत्ता नाही असा खांदा सर्वांत सोयीचा.

आता प्रामाणिक मोजणीचा प्रश्न आला. चार मीटिंगा चुकल्या, पण कृती एकच होती, यादीतून पत्ता काढण्याची. बाईंना चार मोजायच्या होत्या. मी म्हटलं, कृती एक लिहा आणि तिचे परिणाम चार लिहा. तुम्ही फुगवलेला आकडा समोरच्यानं खाली आणला, तर तो तेवढाच खाली येत नाही, तुमच्या बाकी आकड्यांनाही धक्का देतो. तसंच ब नं हस्तांतराची टिपणं तीनदा दिली नाहीत अशा नोंदी होत्या. त्यातल्या एका दिवशी संगणक प्रणालीच बंद होती. ती घटना आम्ही आपण होऊन, कारण लिहून, काढून टाकली. एकोणिसातून एक गेली, चाराची एक झाली, राहिल्या पंधरा. अपील अधिकाऱ्यानं नंतर अहवालात ही दोन्ही कमी केलेली कलमं नमूद केली आणि तक्रारदाराच्या विश्वासार्हतेच्या बाजूला धरली.

ब ची कृती सिद्ध झाली, पण ती अ शी जोडायची कशी? त्याच मंगळवारी चारला दहा मिनिटं कमी असताना कार्यालयीन चॅटवर अ नं ब ला लिहिलं होतं, 'ते यादीचं आजच करून टाक.' बाईंना हे कधीच मिळालं नसतं. त्यांनी ते मिळवण्याचा प्रयत्नही करायला नको होता. दुसऱ्याच्या खात्यात डोकावणं, उघड्या राहिलेल्या पडद्याचे फोटो काढणं, कार्यालयातल्या फायली घरच्या मेलवर पाठवणं यामुळे तक्रारदारावरच शिस्तभंगाची कारवाई झालेली मी पाहिली आहे. चोरून ध्वनिमुद्रण करणं तर काही ठिकाणी गुन्हाच आहे. तुमचं काम पुरावा कुठे आहे ते दाखवण्याचं. तो काढण्याचं काम संस्थेचं. बाईंनी फक्त लिहून दिलं होतं की चौथ्या आठवड्याच्या सोमवारचा निरोप मला आला, त्यानंतरचे आले नाहीत, म्हणून या दरम्यान यादीत कुणी बदल केला ते पाहावं आणि त्या दिवसांचं विभागातल्यांचं कार्यालयीन चॅट तपासावं. मागणी इतकी अरुंद असेल तर ती नाकारायला कारण सापडत नाही. 'सगळ्यांचे सगळे मेल तपासा' ही मागणी बहुतेकदा गोपनीयतेच्या कारणानं परत येते.

धागा दाखवायचा दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो, कारण तो बहुधा लोकांच्या हातातच असतो आणि त्यांना दिसत नाही. नवव्या आठवड्यात अ, ब आणि क या तिघांनी विभागप्रमुखाकडे लेखी तक्रारी दिल्या: बाईंनी १४ तारखेला साडेअकराला एका पुरवठादाराशी फोनवर उद्धटपणा केला. एकाच आठवड्यात तीन तक्रारी आल्या एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बाई खरंच उद्धट बोलल्या असत्या तर तिघांनी ऐकलंही असतं. पण परीक्षेतली कॉपी कशी पकडतात ते आठवा. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी असली तर काही कळत नाही, चुकीची उत्तरं सारखी असली की कळतं. फोनच्या नोंदीप्रमाणे तो कॉल १३ तारखेचा होता, १४ चा नाही. तीन स्वतंत्र साक्षीदार आणि तिघांची चूक एकच. शिवाय 'वारंवार सूचना देऊनही' हे शब्द तिन्ही कागदांत जसेच्या तसे, आणि बाईंना तशी एकही सूचना कधी दिलेली नव्हती.

इथे एक सावधगिरी हवी. सारखी चूक सामायिक मुळातून येते, पण ते मूळ निरुपद्रवीही असू शकतं. समजा विभागाच्या कॉल-रजिस्टरातच चुकून १४ लिहिलं असतं, तर तिघांनी ते पाहून लिहिलं असा खुलासा पुरेसा ठरला असता. म्हणून आम्ही रजिस्टर पाहायला सांगितलं. तिथे १३ होतं. म्हणजे चूक कागदातून आली नव्हती, माणसाकडून आली होती. कोणत्या माणसाकडून, हे वेळेवरून कळलं. अ ची तक्रार सोमवारी सकाळी, ब ची त्याच दुपारी, क ची बुधवारी. आणि रजेच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की क १३ आणि १४ दोन्ही दिवस रजेवर होता. त्याला अधिकाऱ्यानं एकच प्रश्न विचारला, 'हे तुम्ही स्वतः ऐकलं का?' तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मजकूर अ नं दिला होता.

कृती कितीदा झाली आणि किती गंभीर होती हे वेगळं ठेवायचं, ते या क मुळे. पंधरा घटनांत तो तिनातच होता, त्यातही दोनदा नुसता हसण्यात सामील. पण न ऐकलेल्या गोष्टीची साक्ष लेखी देणं ही त्याची एक कृती ड च्या पाचही नोंदींपेक्षा जड होती. तक्त्याच्या खाली बेरीज मारून 'अ दहा, ब नऊ, ड पाच, क तीन' असं क्रमवारीनं लिहायचा मोह टाळा. आकडे फक्त सहभाग किती पसरलेला होता ते सांगतात.

ड विषयी थोडं थांबून सांगतो. खोलीत हसण्याच्या पाचही घटनांत ती होती. बाईंच्या पहिल्या तक्रारीत ती इतर चौघांच्या बरोबरीनं आरोपी होती. तक्त्यात नीट लिहिल्यावर दिसलं की पाचपैकी दोनदा ती हसली, तीनदा नुसती बसून होती. दुसऱ्या तक्रारीत तिच्या पानावर एवढंच लिहिलं. ते पान तिला उत्तरासाठी दिलं गेलं आणि तिनं आठवड्याभरात सविस्तर जबाब दिला: कोण सुरू करायचं, बाई येण्याआधी काय बोलणं व्हायचं, अ नं तिला 'तूही एक तक्रार दे' असं कधी सांगितलं. पहिल्या वेळी तीच ड 'मला काही माहीत नाही' म्हणाली होती. कारण सरळ आहे. सगळ्यांवर सारखा आरोप केला की सगळ्यांचं हित एक होतं आणि गट घट्ट बांधला जातो. प्रत्येकाला फक्त त्यानं केलेल्याचंच उत्तर द्यायचं असेल, तर कमी वाटा असलेल्याला जास्त वाटा असलेल्याला वाचवायचं कारण उरत नाही. साक्षीदार बाहेरून शोधून आणण्यापेक्षा तो बहुतेकदा आरोपींच्या यादीतच, चुकीच्या पानावर बसलेला असतो.

म्हणूनच तक्रारीची रचना मी अशी सांगतो. प्रत्येक माणसाचं स्वतंत्र पान. त्यावर फक्त त्याच्या कृती, त्याच्या तारखा, त्याचे पुरावे, आणि 'मिळून', 'कट', 'गट' यांपैकी एकही शब्द नाही. त्या पानावरची प्रत्येक कृती एकट्यानं केलेली असली तरी गैरवर्तन ठरेल अशी लिहा. या पानांनंतर एक सामायिक कालरेषा, ज्यात सगळ्या घटना तारखेप्रमाणे. आणि अगदी शेवटी, वेगळ्या मथळ्याखाली, संगनमताचा भाग: कुठल्या दोन माणसांमध्ये, कुठल्या घटनेत, कशावरून. हा क्रम उलटा केला, आधी कट आणि मग कृती, तर कट सिद्ध न झाल्यावर कृतीही त्याच्याबरोबर वाहून जातात. बाईंच्या पहिल्या तक्रारीचं नेमकं तेच झालं होतं.

संगनमत सगळ्यांमध्ये दाखवायला जाऊ नका. दोघादोघांमध्ये दाखवा. या प्रकरणात शेवटी धागे टिकले ते असे: अ आणि ब, यादीच्या बाबतीत. अ आणि क, तक्रारीच्या मजकुराबाबत. अ आणि ब, तक्रारीच्याच बाबतीत, पण इथे फक्त सारखी चूक आणि सारखे शब्द, कबुली नाही, म्हणून अधिकाऱ्यानं 'शक्यता जास्त' असं म्हटलं. अंतर्गत चौकशीत साधारणपणे घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच पाहतात, त्यामुळे तेवढं पुरलं. ब आणि क यांच्यात थेट काहीच सापडलं नाही. ड आणि ई कटात नव्हतेच. म्हणजे पाच जणांचं वर्तुळ नव्हतं. मध्ये अ आणि तिच्याकडून निघालेल्या दोन काड्या होत्या. बाईंना आतून ते वर्तुळ वाटणं स्वाभाविक होतं.

पंधरातल्या एका घटनेत कर्त्याच्या जागी आम्ही 'माहीत नाही' लिहिलं. बाईंच्या घटस्फोटाबद्दल दोन अफवा फिरल्या. एकीचा माग ड च्या जबाबावरून अ पर्यंत लागला, दुसरीचा लागला नाही. ती अ च्याच खात्यात टाकायचा मोह होता. टाकली असती तर अ च्या वकिलानं पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं.

विभागप्रमुखाचा रकाना मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याची भूमिका वेगळ्या मापानं मोजतात. तो हसला नाही, त्यानं काही लपवलं नाही. बाईंनी तिसऱ्या आठवड्यात त्याला तोंडी सांगितलं, सहाव्या आठवड्यात मेल केला. तोंडी सांगितल्याचं त्यानं नाकारलं, मेल नाकारता आला नाही. म्हणून त्याचा वाटा सहाव्या आठवड्यापासून सुरू झाला आणि त्याच्या पानावर फक्त हे आलं: मेलची तारीख, त्यानंतर घडलेल्या घटना, आणि त्या काळात त्यानं काय केलं. काहीच केलं नव्हतं. नुसत्या बघ्यावर आणि ज्याच्यावर थांबवण्याची जबाबदारी आहे अशा बघ्यावर सारखं बोट ठेवू नका. आणि वरिष्ठाला तोंडी सांगितलं असेल, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवा: 'आज सकाळी आपल्याशी बोलले त्याप्रमाणे…'

कृती इतक्या बारीक असताना त्यातून काही निष्पन्न होतं का, असं लोक विचारतात. इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं २००६ साली निकाल दिलेल्या एका गाजलेल्या खटल्यात एका कर्मचारी स्त्रीनं बँकेच्या कंपनीवर दावा लावला होता. त्यातल्या कृती पाहा: ती जवळून जाताना तोंडानं आवाज काढणं, जेवायला जाताना वगळणं, यादीतून नाव काढणं, टपाल लपवणं. एकेकट्या घेतल्या तर शाळेतल्या खोड्या. न्यायालयानं त्या एकत्र पाहिल्या, चार सहकारी स्त्रियांच्या वागण्याला छळ ठरवलं आणि भरपाई आठ लाख पौंडांच्या वर गेली. बहुतेक प्रकरणं एवढी मोठी होत नाहीत, आणि त्या स्त्रीनं तब्येतीच्या रूपानं मोजलेली किंमतही मोठी होती.

तुमच्या प्रकरणातही एका आठवड्यात तीन तक्रारी आहेत, म्हणून माझ्या मते तुम्ही तिथून सुरुवात करा. त्या तिन्हींच्या प्रती मागा. आरोप तुमच्यावर असल्यामुळे त्या पाहण्याचा तुमचा दावा बळकट आहे. तिन्ही शेजारी ठेवून खऱ्या गोष्टी सोडून द्या आणि फक्त चुका शोधा: तारीख, वेळ, आडनावाचं शुद्धलेखन, न घडलेला प्रसंग. मग ती चूक एखाद्या सामायिक कागदातून आली असेल का ते तपासा. तिन्हींत वेगवेगळ्या चुका असल्या किंवा चुका नसल्याच, तर तेही मान्य करा. कदाचित त्या तिघांना खरंच काही म्हणायचं असेल, आणि तेवढ्या भागापुरतं तुम्हाला वेगळं उत्तर द्यावं लागेल.

पण त्याच्याही आधी, उद्याच, एक पत्र द्या. चॅट आणि बदलांच्या नोंदी अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि अपिलाची तारीख येईपर्यंत थांबलात तर मागायला काही उरणार नाही. मजकूर साधा असू द्या: 'माझ्या अपिलाच्या संदर्भात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या विभागीय मेल यादीतल्या बदलांच्या नोंदी, मीटिंगच्या निरोपांच्या नोंदी, फोनच्या नोंदी आणि विभागातल्यांचं कार्यालयीन चॅट नष्ट न करता जतन करावं. मी सध्या त्यांच्या प्रती मागत नाही.' हे शेवटचं वाक्य ठेवाच, त्यामुळे नकार देणं अवघड होतं. त्याच पत्रात विनंती करा की ज्यांचे जबाब घ्यायचे आहेत ते सगळे एकाच दिवशी, वेगवेगळे, आणि एकमेकांशी बोलायला मध्ये वेळ न मिळता घेतले जावेत. बाईंच्या पहिल्या चौकशीत पाच जबाब नऊ दिवसांत पसरले होते आणि शेवटचे तीन जवळजवळ एकाच भाषेत होते. दुसऱ्या वेळी सगळे एका सकाळी झाले. क ला अ शी बोलायला सवड मिळाली नाही.